महिन्याभराने मेलला उत्तर देताना पहिल्या तीन ओळी

आमच्या सोसायटीत माणसांना नावानं कमी आणि फ्लॅट नंबरानं जास्त ओळखतात, म्हणून ही गोष्ट ४०२ची. ४०२चे मालक बहरीनला असतात, फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत. २०२५च्या १२ मे रोजी त्यांची मेल आली. मी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झालो होतो. मेलमध्ये तीन गोष्टी होत्या. पॅसेजच्या छताला ओल आली आहे, त्याचे चार फोटो जोडलेत, कारण कोण शोधणार आणि खर्च कुणाचा? भाडेकरूंनी दुसरी कार घेतली आहे, ती आवारात लावता येईल का? आणि १ जुलैपासून लिव्ह अँड लायसन्सचा करार नव्यानं करायचा आहे, त्याला सोसायटीची काही हरकत आहे का?

समितीची सभा महिन्यातून एकदा होते. त्या वेळी ती ८ जूनला झाली, आणि मी १४ जूनला उत्तर लिहिलं. मेल येऊन तेहतीस दिवस झाले होते. मी लिहिलं ते असं:

> आदरणीय सर, सर्वप्रथम उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल मनापासून क्षमस्व. सभा लांबल्यामुळे व मध्यंतरी इतर कामांमुळे उत्तर देता आले नाही. आपल्या मेलवर समितीत चर्चा झाली. समितीची हरकत नाही. गळतीचे पाहत आहोत. कृपया ट्रेल मेल पाहावी.

पुढच्या रविवारी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये एक नवी पांढरी कार उभी होती. वॉचमननं हटकलं, तर भाडेकरूंनी फोनवर माझीच मेल दाखवली. मालकांनी ती त्यांना पुढे पाठवली होती. ‘समितीची हरकत नाही’ असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

चूक त्यांची नव्हती. माझी हरकत नव्हती ती कराराला. पण तेहतीस दिवसांनी, कामाच्या मध्ये, फोनवर ती ओळ वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात कोणता प्रश्न ताजा असणार? भाडेकरू रोज ज्याची आठवण करून देत होते तो, म्हणजे पार्किंगचा.

सोसायटीच्या कामात उशीर होतोच. सभा, कोरम, प्लंबर, पाऊस, सगळं आड येतं. त्यामुळे उत्तर लवकर कसं द्यावं हे मी इथे सांगणार नाही. ते उशिरा जाणारच आहे असं धरून सुरुवात कशी करायची, एवढंच सांगतो.

लिहायला बसण्याआधी मूळ मेल उघडा

ही पायरी सगळे गाळतात, कारण आपल्याला वाटतं की आठवतंय. मला १४ जूनला ‘४०२ची गळतीची मेल’ एवढंच आठवत होतं. पार्किंग आणि करार सभेच्या टिपणात होते म्हणून उत्तरात डोकावले. मूळ मेल मी पुन्हा उघडलीच नव्हती.

मेल सापडत नसेल तर जीमेलच्या शोधपट्टीत असं टाका:

```
leakage has:attachment older_than:20d
```

म्हणजे ज्यात तो शब्द आहे, फोटो किंवा फाइल जोडलेली आहे आणि जी वीस दिवसांपेक्षा जुनी आहे, अशी मेल. शब्द पाठवणाऱ्यानं जसा लिहिला असेल तसा द्यायचा. त्यानं ‘गळती’ असं देवनागरीत लिहिलं असेल तर `leakage` टाकून मेल हाती लागणार नाही.

मेल सापडली की वरून खालपर्यंत वाचा आणि कागदावर प्रश्न उतरवून काढा, त्याच्याच शब्दांत. किती प्रश्न आहेत ते मोजा. बहुतेकांच्या मेलमध्ये एक प्रश्न ठळक असतो आणि बाकीचे ‘जाता जाता’ म्हणून शेवटी आलेले असतात. घोटाळा या शेवटच्या प्रश्नांत होतो.

मग त्याच माणसाची नंतर आलेली एखादी मेल किंवा व्हॉट्सॲप आहे का तेही बघा. महिन्याभरात प्रश्न बदललेला असू शकतो. मे महिन्यात छताला ओल होती आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर तिथून थेंब पडायला लागले, तर ‘ओलीबाबत’ अशी सुरुवात करून तुम्ही त्या माणसाच्या नजरेत जागच्या जागी हास्यास्पद ठरता.

जुनी पत्रं हे काम कसं करायची

कोकणातून आजोबांचं अंतर्देशीय पत्र यायचं. त्यात नमस्कारानंतरचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: ‘तुमचे ता. ३चे पत्र ता. ९ला पावले. मजकूर समजला.’ लहानपणी मला ती निव्वळ पद्धत वाटायची. आता कळतं की पत्राला जायला आठवडा, उत्तर लिहायला आठवडा आणि परत यायला आणखी एक, अशा जगात ते वाक्य फार कामाचं होतं. मधल्या काळात तुम्ही दोन पत्रं टाकलेली असायची आणि हे उत्तर कोणत्या पत्राचं, ते तारखेवरून लगेच कळायचं. त्यानंतर आजोबा लिहायचे, ‘गाईविषयी विचारलेस, तर…’ म्हणजे तारीख झाली, प्रश्न झाला, आणि मग उत्तर.

सरकारी पत्रातही वर ‘विषय’ आणि त्याखाली ‘संदर्भ’ असतो: आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक अमुक. नवे सेक्रेटरी हाच साचा उचलतात. मीही उचलला होता. पण कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. क्रमांक दिला की कारकून फाइल काढून साहेबांपुढे ठेवतो. बहरीनमधल्या माणसाकडे अशी नोंदवही नाही. त्याला नुसतं ‘संदर्भ: आपली दि. १२ मेची मेल’ लिहिलं तर त्यातून काहीच उघडत नाही. तारखेसोबत मजकूरही सांगावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, उत्तराच्या खाली मूळ मेल असतेच की. असते, पण फोनवर ती तीन टिंबांच्या मागे दडलेली असते आणि त्या टिंबांवर बोट ठेवणारे थोडे. शिवाय एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ‘रिप्लाय’ केलं की मूळ मेलला जोडलेले फोटो आणि फाइली सहसा उत्तराबरोबर जात नाहीत. ‘फॉरवर्ड’ केलं तर जातात. म्हणजे ‘आपण पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत दिसते त्याप्रमाणे’ असं मी लिहिलं, तर माझ्या उत्तरात तो फोटो नाहीच. तो शोधायला त्यांना मे महिन्यात जावं लागेल. त्यापेक्षा ‘पॅसेजमध्ये ट्यूबलाइटच्या वर जो पिवळा डाग आहे’ असं लिहिलं की फोटोशिवाय भागतं. खरोखर गरज असेल तर तो एकच फोटो पुन्हा जोडावा.

त्यामुळे ‘ट्रेल मेल पाहावी’ हे वाक्य मी आता लिहीत नाही. त्याचा खरा अर्थ ‘मी शोधलं नाही, तुम्ही शोधा’ एवढाच होतो.

पहिलं वाक्य

पहिल्या वाक्यात तीन गोष्टी बसवायच्या: कधी, कुणी, काय विचारलं. तारीख महिन्याच्या नावासह लिहा. ‘५/६’ असं लिहिलं तर अमेरिकेतला माणूस ते ६ मे वाचतो. आणि ‘गेल्या महिन्यात’ म्हणजे नेमका कोणता, ते वाचणारा मेल कधी उघडतो त्यावर ठरतं.

प्रश्न सांगताना शक्य तितके त्याचेच शब्द वापरा. याचं एक कारण आठवणीचं आहे: आपण लिहिलेला शब्द दिसला की डोक्यात लगेच दिवा लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ४०२च्या मेलमध्ये ‘छताला ओल’ असं होतं. मी जर ‘५०२मधून होणाऱ्या गळतीबाबत आपण तक्रार केली होती’ असं लिहिलं असतं, तर त्यांनी जे म्हटलंच नव्हतं ते त्यांच्या तोंडी घातलं असतं. आणि ती मेल ५०२च्या हाती लागली असती तर दोन मजल्यांमध्ये भांडण लागलं असतं. त्यांनी तक्रार केली नव्हती, प्रश्न विचारला होता. आठवण करून देताना नकळत निकाल लागतो तो असा. पैशाचा किंवा दोषाचा विषय असेल तर हे दोनदा तपासावं.

या पहिल्या वाक्याचा आणखी एक उपयोग आहे. इनबॉक्सच्या यादीत आणि फोनच्या नोटिफिकेशनमध्ये विषयाच्या शेजारी किंवा खाली मेलचे पहिले काही शब्दच दिसतात. माझ्या उत्तरात तिथे दिसलं असेल ‘आदरणीय सर, सर्वप्रथम उत्तरास झालेल्या…’. त्यातून कशाचा पत्ता लागणार? ४०२च्या मेलचा विषयही नुसता ‘विचारणा’ असा होता. अशा वेळी विषय बदलायचा मोह होतो. पण जीमेलमध्ये विषय बदलून उत्तर दिलं की ते जुन्या संभाषणापासून तुटतं आणि वेगळी नवी मेल म्हणून दिसतं. जुना धागा हवा असतो तेव्हा मी विषयाला हात लावत नाही, पहिल्या सहा-सात शब्दांतच काम सांगतो.

माफी किती आणि कुठे

एक अर्धवाक्य पुरे, आणि तेही पहिल्या वाक्याच्या नंतर. आपल्याकडे मोठ्या माणसाला उशिरा उत्तर देताना दोन-तीन ओळी क्षमायाचना केल्याशिवाय उद्धट वाटतं, हे मला मान्य आहे. पण लांब माफीमुळे वाचणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, उलट ‘इतका वेळ का लागला’ हाच विषय होऊन बसतो. कारण द्यायचं तर असं द्या की त्यातून त्याला काही कळेल. ‘इतर कामांमुळे’ हे कारण कुणालाच काही सांगत नाही. ‘हा निर्णय समितीचा असल्यानं ८ जूनच्या सभेपर्यंत थांबावं लागलं’ या वाक्यात उशिराचं कारणही आहे आणि निर्णय कुणी घेतला तेही आहे.

निव्वळ विसरलो असेन तर मी ‘उत्तर माझ्याकडून राहून गेलं’ एवढंच लिहितो. खोटी सभा उभी करायची नाही. इमारतीत सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मग उत्तर, ज्या क्रमानं विचारलं त्या क्रमानं

प्रत्येक उत्तराला त्याचा प्रश्न चिकटलेला हवा. ‘होय’, ‘चालेल’, ‘हरकत नाही’ हे शब्द ताज्या संभाषणात बिनधोक असतात, पण महिन्याभरानं ते सुटे पडतात आणि वाचणारा त्यांना हव्या त्या प्रश्नाला नेऊन लावतो. कार पार्किंगमध्ये येते ती अशी. म्हणून कशाला होय आणि कशाला नाही, ते त्याच वाक्यात यायला हवं. एकाहून जास्त प्रश्न असतील तर आकडे घाला. आकड्यांमुळे समोरच्यालाही उत्तर देणं सोपं जातं.

१४ जूनची माझी मेल कशी हवी होती, ते आता लिहून दाखवतो. मधल्या काळात प्लंबरनं ५०२च्या बाथरूममध्ये रंगीत पाणी सोडून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तोच रंग ४०२च्या छतावर उतरला. म्हणजे ५०२च्या नहाणी ट्रॅपचा सांधा गळत होता.

> नमस्कार सर,
>
> पॅसेजमधील ओल, भाडेकरूंची दुसरी कार आणि १ जुलैपासूनचा करार, या तीन गोष्टी आपण १२ मेच्या मेलमध्ये विचारल्या होत्या. निर्णय समितीचा असल्याने ८ जूनच्या सभेपर्यंत थांबावे लागले, त्याबद्दल क्षमस्व.
>
> १. ओल: ५०२च्या बाथरूममधील नहाणी ट्रॅप गळत असल्याचे प्लंबरला आढळले. दुरुस्ती ५०२ने करायची आहे व त्यांनी ती मान्य केली आहे. आपल्याला यासाठी खर्च नाही.
> २. दुसरी कार: आवारात जागा देता येणार नाही. पाहुण्यांची पार्किंगही यासाठी वापरू नये.
> ३. करार: समितीची हरकत नाही. नव्या कराराची प्रत आणि पोलीस पडताळणीची पावती ३० जूनपूर्वी पाठवावी.

पहिल्या दोन वाक्यांत सगळं परत उभं राहतं आणि तिसऱ्यापासून काम सुरू होतं. ‘५०२ची दुरुस्ती’ हे मी लिहू शकलो, कारण ५०२शी आधी बोलणं झालं होतं. गळती टेरेसची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची असती तर खर्च सोसायटीचा होता, आणि मग पहिला मुद्दा वेगळा लिहावा लागला असता. कारण सापडलंच नसतं, तर ‘पाहत आहोत’ असं न लिहिता ‘प्लंबर २१ तारखेला येणार आहे, २३पर्यंत कळवतो’ असं लिहायला हवं होतं. ‘पाहत आहोत’ हे वाक्य महिन्याभराच्या शांततेनंतर आलं की त्यातून पुढच्या महिन्याची शांतताच ऐकू येते.

आठवण दोन वाक्यांपेक्षा लांबवू नका. काही जण उलट टोकाला जातात: आपण अशी मेल केली, त्यात असे म्हटले, मग मी अध्यक्षांशी बोललो, मग सभा ठरली, मग ती रद्द झाली. हा सभेचा वृत्तान्त झाला, आणि उत्तर सातव्या ओळीत सापडतं. ज्याला इतिहास हवा असेल त्याला शेवटी द्या, किंवा विचारल्यावर.

प्रश्नच नीट आठवत नसेल, किंवा सापडत नसेल

असंही होतं. आधीच्या सेक्रेटरींच्या मेलबॉक्समधून कारभार आला की निम्मे धागे तुटलेले असतात. तेव्हा अंदाजानं उत्तर देऊ नका. जे हातात आहे ते सांगा आणि एकच नेमका प्रश्न विचारा: ‘टाकीच्या सफाईबद्दल आपण एप्रिलमध्ये मेल केल्याची नोंद माझ्याकडे आहे, पण मूळ मेल मला मिळाली नाही. आपली अडचण पाण्याच्या रंगाची होती की दाबाची?’ ‘कृपया पुन्हा सविस्तर पाठवावे’ असं लिहिलं तर सगळं ओझं परत त्याच्या डोक्यावर जातं. पर्याय देऊन विचारलं की तो एका शब्दात मोकळा होतो.

आणि महिन्याभरात गोष्ट आपोआप मिटली असेल तरी सुरुवात तीच ठेवा: तारीख, प्रश्न, आणि मग ‘हे काम २ जूनला झालं आहे, आता काही राहिलं असल्यास कळवा’. मिटलंय म्हणून गप्प बसलात तर त्याच्या हिशोबात ती मेल अजून उघडीच असते, आणि वार्षिक सभेत तो ती सगळ्यांसमोर उघडतो.

मेल रागानं आलेली असेल तर मी आधी फोन करतो. महिन्याभरानं त्या माणसाला त्याचेच कडू शब्द उद्धृत करून दाखवणं म्हणजे निवलेला चहा पुन्हा उकळणं. फोननंतरच्या मेलमध्ये त्याचा फक्त प्रश्न घ्यायचा, विशेषणं तिथेच सोडायची.

पाठवण्याआधी

आमच्या खजिनदार बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी मेलच्या पहिल्या तीन ओळी फोनवर त्यांना दाखवतो, बाकीचा मजकूर अंगठ्यानं झाकून, आणि विचारतो, ‘ही कशाबद्दल आहे?’ त्यांनी मूळ मेल पाहिलेली नसते, त्यामुळे त्यांची अवस्था साधारण महिन्यानं वाचणाऱ्या माणसासारखीच असते. त्या अडखळल्या की ओळ बदलायची. शेजारी असं कुणी नसेल तर मेल स्वतःलाच पाठवून दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर वाचावी. लिहिल्या लिहिल्या तपासून उपयोग नाही, कारण तेव्हा मूळ मेल आपल्या डोक्यात ताजी असते.

त्या पांढऱ्या कारच्या रविवारी संध्याकाळी मी ४०२ना दुसरी मेल लिहिली. वर लिहून दाखवली आहे तीच, फक्त पहिल्या परिच्छेदात एक वाक्य जास्त होतं: ‘माझ्या १४ जूनच्या मेलमधील “हरकत नाही” हे फक्त कराराबद्दल होते. तसे स्पष्ट लिहिले नाही ही माझी चूक.’ रात्री साडेदहाला उत्तर आलं, बहुधा फोनवरूनच: ‘१ ठीक. २ कार उद्या हलवतील. ३ प्रत गुरुवारपर्यंत.’